हार्डली आणि नॉट ओन्ली : उलटा क्रम कुठे लागतो?

दापोलीत स्पर्धापरीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना इंग्रजी व्याकरणातले 'हार्डली' लवकर जमते. 'हार्डली हॅड द बोट लेफ्ट हर्णै व्हेन द रेन बिगॅन' या वाक्यात 'हॅड' कर्त्याआधी येते, म्हणजे क्रम उलटतो, आणि पुढे 'व्हेन' किंवा 'बिफोर' लागते. पर्यायांत दिसणारे 'दॅन' हे 'नो सूनर'चे जोडीदार आहे.

'नॉट ओन्ली' मात्र माझ्या मते अधिक फसवे आहे. 'नॉट ओन्ली डिड ही मेंड द नेट, बट ही ऑल्सो सोल्ड द फिश' येथे 'डिड'मुळे 'मेंडेड'चे 'मेंड' होते, तर दुसरे उपवाक्य सरळच राहते. परंतु 'नॉट ओन्ली द बोट बट ऑल्सो द नेट वॉज लॉस्ट' यात ते कर्त्यालाच जोडलेले असल्याने क्रम मुळीच उलटत नाही.