लाडके शब्द वेचायचे कसे: संगणकावर शोधून की कागदावर रंगवून?

गझलांचं हस्तलिखित प्रकाशकाकडे जाण्याआधी शेराशेरात डोकावणारे तेच ते शब्द वेचायचे, तर दोन वाटा आहेत: फाइलमध्ये एकेक शब्द शोधायचा, किंवा सगळं छापून रंगीत पेन्सिली घेऊन बसायचं. मी दोन्ही करून पाहिलं आहे.

अव्ययांसाठी संगणकच बरा. 'पुन्हा', 'जरा', 'फक्त' यांना विभक्ती लागत नाही, त्यामुळे एकही जागा सुटत नाही. वृत्तात भरतीला येतात तेही बहुधा हेच. 'पुन्हा' आणि 'जरा' दोन्ही लगा, म्हणजे भुजंगप्रयातात ओळ सुरू करायला आयतेच. कागदावर नजर मात्र त्यांच्यावरून सहज घसरते.

नामांकडे वळलं की माझा जीव मेटाकुटीला येतो. 'ऊन' शोधलं तर येऊन, जाऊन, घेऊन असं सगळं समोर येतं. फक्त पूर्ण शब्द शोधायला सांगितलं तर ही गर्दी टळते, पण 'उन्हात', 'उन्हाचा' दोन्ही वेळा निसटतात. 'पाऊस' शोधून 'पावसात' सापडत नाही. दर नामाची मूळ रूपं आणि सामान्यरूपं वेगवेगळी शोधत बसायचं, आणि तरी काही राहिलं का ही रुखरुख उरतेच. मी कागदाकडे वळलो तो यामुळेच.

शिवाय प्रतिमा शब्दात मावत नाही. एका शेरात ढग, दुसऱ्यात चिंब पदर, तिसऱ्यात पागोळ्या. शब्द तीन, पाऊस एकच. कागदावर या तिघांवर निळी पेन्सिल फिरते आणि पान निळं व्हायला लागलं की कळतं. डोळे-आसवं लाल, दिवा-वात पिवळी. मला तीन रंग पुरतात.

पण रंगवलेलं सगळं खोडायचं नसतं. पाच शेरांच्या गझलेत रदीफ सहा वेळा येणारच, मतल्यात दोनदा. मी ती आधीच कंसात टाकतो. उरलेल्यांना एकच प्रश्न विचारतो: हा शब्द काढला तर शेराचं काय बिघडतं? उदाहरणार्थ, माझी ही ओळ:

पुन्हा दाटले मेघ डोळ्यांत आता

'आता' रदीफ आहे, राहू दे. 'पुन्हा' म्हणजे आधी कधी दाटले होते? शेरात कुठेच नाही. तिथे 'तिच्या' घातलं. वृत्त तेच राहिलं आणि डोळे कुणाचे ते कळलं. मेघ अजून निळेच आहेत. गझलेत दुसरीकडे कुठेही पाऊस नसेल तर ते चालतील, नाहीतर दुसरी प्रतिमा हाती येईपर्यंत ओळ बाजूला.

मुक्तछंद लिहिणाऱ्यांचा अनुभव कदाचित वेगळा असेल, भरतीची गरजच तिथे कमी. मोठा संग्रह छापून घेणं खर्चिक वाटत असेल, तर अव्ययं संगणकावर उरकून फक्त शंका असलेल्या गझला छापा. ओळींमध्ये दुप्पट जागा सोडा, बदली शब्द तिथेच लिहिता येतो.