‘मीडिया व्हॅल्यू ४१ लाख’ : आमच्या लॉन्च कार्यक्रमाचे पैसे नेमके कुठे गेले

कार्यक्रम होऊन बारा दिवस झाले होते. एजन्सीचा मेल आला, सोबत रंगीत रिपोर्ट आणि २,०५,००० रुपयांची मागणी. कारण काय, तर आमच्या कार्यक्रमाने एकूण ४१ लाखांची ‘मीडिया व्हॅल्यू’, म्हणजे मिळालेल्या प्रसिद्धीची रुपयांत मांडलेली किंमत, मिळवून दिली होती आणि करारानुसार ही व्हॅल्यू जीएसटी सोडून होणाऱ्या खर्चाच्या तिप्पट गेली की तिच्या ५ टक्के ‘यशशुल्क’ देय होतं. दादाने रिपोर्ट वाचून मला विचारलं, “एवढं यश मिळालं तर पंप कुठं विकले गेले?” त्या एका प्रश्नावरून मी कागद उघडायला बसले.

आमचा नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत छोटा कारखाना आहे. बॅटरीवर चालणारे फवारणी पंप बनवतो. दादा उत्पादन बघतो, मी हिशेब. खरिपाच्या आधी डीलर माल भरतात, म्हणून एप्रिलच्या शेवटी नवा पंप बाजारात आणायचं ठरलं. वर्धा रोडवरच्या एका हॉटेलचा हॉल घ्यायचा आणि विदर्भभरातले डीलर बोलवायचे. काम एका इव्हेंट एजन्सीला दिलं. नाव लिहीत नाही, कारण आता मामला वकिलांकडे आहे.

त्यांचं कोटेशन दिसायला अगदी नीट होतं. हॉल आणि जेवण ३०० प्लेट, प्रत्येकी १,१५० रुपये, म्हणजे ३,४५,०००. स्टेज, एलईडी वॉल, साउंड, लाइट २,२०,०००. निमंत्रणाचे ३५० बॉक्स, कुरिअर आणि फोन धरून प्रत्येकी ४२०, म्हणजे १,४७,०००. मीडिया ३,६०,०००. निवेदक, फोटो, व्हिडिओ, भेटवस्तू १,२८,०००. बरोबर १२ लाख, वर १८ टक्के जीएसटी, एकूण १४,१६,०००. साठ टक्के आगाऊ, तीस टक्के कार्यक्रमाच्या सकाळी, उरलेले दहा टक्के रिपोर्ट आल्यावर. हे शेवटचे दहा टक्के ठेवायचा आग्रह माझा होता, आणि आज आमच्या हातात तेवढेच १,४१,६०० रुपये आहेत.

हॉलपासून सांगते, कारण तिथली लबाडी पकडायला सगळ्यांत सोपी आहे. हॉटेल बँक्वेटच्या प्रत्येक कार्यक्रमाचा एक कागद करतं, त्याला ते ‘एफपी’ म्हणतात, फंक्शन प्रॉस्पेक्टस. त्यावर गॅरंटी किती प्लेटची, दर काय, मेन्यू काय, हॉल किती वाजेपर्यंत, सगळं असतं. गॅरंटी म्हणजे तेवढ्या प्लेटचे पैसे द्यावेच लागतात, माणसं कमी आली तरी. जास्त आली तर हॉटेल उचललेल्या प्लेटा मोजतं आणि पार्टीची सही घेतं. कार्यक्रम आमच्या कंपनीच्या नावाने होता, म्हणून मी बँक्वेट मॅनेजरकडे गेले. त्यांनी एफपी दाखवला. गॅरंटी १८०, दर ८५०, प्रत्यक्ष प्लेटा २१२. म्हणजे हॉटेलला गेले १,८०,२०० आणि आमच्याकडून घेतले ३,४५,०००. एजन्सीने नफा घ्यावा, त्याबद्दल तक्रार नाही. पण ३०० प्लेटा सांगून २१२ चे पैसे भरणं हा नफा नाही.

मग प्रश्न आला, हे २१२ लोक कोण? दारात नोंदवही होती. आमचे कर्मचारी आणि घरचे ३८, एजन्सीची आणि साउंडवाल्यांची माणसं २४, पत्रकार आणि फोटोग्राफर ९, डीलर ६१. राहिले ८०. त्यातल्या तीस नंबरांवर मी स्वतः फोन केले. अकरा नंबर अस्तित्वातच नव्हते. काही मुलांनी सरळ सांगितलं की एका ओळखीच्याने बोलावलं होतं, ३०० रुपये आणि जेवण. त्या संध्याकाळी स्टेजवरून भरलेला हॉल पाहून दादाचे डोळे भरून आले होते. ती गोष्ट मला अजून बोचते.

डीलर ६१ च का आले, हे चौथ्या दिवशीच कळायला हवं होतं. हिंगणघाटचे आमचे जुने डीलर काका फोनवर म्हणाले, “ताई, लॉन्च केला म्हणे तुम्ही. आमाले तं कार्डच नाही आलं.” मला वाटलं, कुरिअरची चूक. नंतर एजन्सीकडे सगळ्या ३५० बॉक्सच्या पावत्या मागितल्या, ज्यावर कुरिअरचा क्रमांक असतो आणि तो टाकला की कुणी कधी सही करून घेतलं ते दिसतं. आठवडाभर फक्त एक्सेलची यादी येत राहिली. शेवटी १३८ पावत्या आल्या. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या बाजूला जवळजवळ काहीच गेलं नव्हतं. पाठवलेल्यांची यादी कुणीही टाइप करू शकतो, पावती मात्र कुरिअरवालाच देतो. ती कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी मागितली असती, तर आमच्याच सेल्समनने उरलेल्यांना फोन करून बोलावलं असतं.

आता त्या ४१ लाखांकडे येते, कारण हाच आकडा इतरांनाही दाखवला जातो आणि तो ऐकायला फार छान वाटतो. फाइलमध्ये २३ कात्रणं होती, तीन छापील आणि वीस वेबच्या लिंका. छापील तिनांपैकी एकच बातमी खरी, एका वृत्तपत्राच्या नागपूर आवृत्तीत, १२ सेंटिमीटर उंच आणि ८ सेंटिमीटर रुंद, म्हणजे ९६ चौरस सेंटिमीटर. एजन्सीने तिला प्रति चौरस सेंटिमीटर १,५०० रुपये दर लावला, झाले १,४४,०००. मग ‘बातमी जाहिरातीपेक्षा विश्वासार्ह’ म्हणून त्याला तिनाने गुणलं, ४,३२,०००. मी त्याच वृत्तपत्राच्या जाहिरात विभागात तेवढ्याच जागेचं कोटेशन मागितलं. १,५०० हा सर्व आवृत्त्यांचा दर निघाला. बातमी फक्त नागपुरात छापलेली, आणि तिथला दर २८०. म्हणजे २६,८८०. तिनाने गुणण्याला तर कसलाच आधार नाही. जनसंपर्काचं मोजमाप करणाऱ्यांच्या एएमईसी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० साली बार्सिलोनाच्या परिषदेत स्पष्ट मांडलं आहे की जाहिरातीच्या दराने काढलेली किंमत म्हणजे प्रसिद्धीची किंमत नव्हे. एजन्सीला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

दुसरं कात्रण शहर पुरवणीतली पैसे देऊन छापलेली जाहिरातवजा बातमी होती. खाली बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ होतं, फाइलमध्ये तो भाग कापलेला होता. म्हणजे आमच्याच पैशाने घेतलेली जागा आम्हालाच कमाई म्हणून दाखवली. तिसरं एका साप्ताहिकाचं. त्याचा अंक सीताबर्डीच्या स्टॉलवर कुणी पाहिलेला नव्हता. पूर्ण अंक मागितला, कारण प्रत्येक वृत्तपत्रावर मुद्रक, प्रकाशक आणि संपादकाचं नाव छापावं लागतं. अंक आला नाही. या दोन कात्रणांची किंमत त्यांनी १२,६८,००० लावली होती.

उरलेले २४ लाख वीस लिंकांचे. प्रत्येक लिंकवर आमचं प्रसिद्धिपत्रक शब्दाला शब्द तेच होतं. आमच्या पत्रकात पंपाच्या टाकीची क्षमता चुकून १६ ऐवजी १८ लिटर पडली होती, ती चूकही वीसही ठिकाणी तशीच होती. एकाही पत्रकाराने ते वाचलं नव्हतं, पैसे भरून एकाच वेळी सगळीकडे टाकलं गेलं होतं. किंमत काढताना वेबसाइटला महिन्यात येणारे सगळे वाचक धरले होते, आमचं पान उघडणारे नव्हे. महिन्याभरात त्यातल्या नऊ लिंका उघडेनाशा झाल्या. कार्यक्रमाला खरंच आलेल्या पत्रकारांचा यात काही दोष नाही. पत्रकार परिषदच हवी होती तर धंतोलीच्या टिळक पत्रकार भवनात ती याच्या एका छोट्या हिश्श्यात झाली असती.

सगळ्यांत जड फटका मात्र जीएसटीचा. आमचे सीए म्हणाले, “हे बिल जीएसटीआर-२बी मध्ये दिसतच नाही.” पुरवठादाराने त्याच्या विवरणात बिल भरलं तरच ते आपल्या २बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या आपल्या खरेदीच्या बिलांच्या यादीत येतं, आणि आलं नाही तर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. जीएसटीच्या पोर्टलवर `Search Taxpayer` मध्ये एजन्सीचा क्रमांक टाकला. स्थिती `Cancelled`. आमचं कोटेशन येण्याच्या चार महिने आधीच नोंदणी रद्द झाली होती. जीएसटीच्या नावाखाली घेतलेले पैसे सरकारकडे गेलेच नाहीत. हे तपासायला लॉगिन लागत नाही, एक मिनिट लागतो. तो एक मिनिट मी काढला नाही, याची जबाबदारी माझी आहे.

खरा परतावा किती, हे आम्ही नंतर साध्या वहीत मांडलं. एका पंपामागे आम्हाला ३८० रुपये सुटतात. १२ लाख वसूल व्हायला ३,१५८ पंप जास्तीचे विकावे लागले असते. नवा डीलर पहिल्यांदा सरासरी ४० पंप घेतो, म्हणजे साधारण ७९ नवे डीलर हवे होते. डीलरच आले ६१, तेही सगळे धरून! टोकन देऊन बुकिंग केलं १९ जणांनी, नव्वद दिवसांत प्रत्यक्ष माल उचलला ११ जणांनी. ४४० पंप, १,६७,२०० रुपये. त्या अकरांपैकी सात जणांशी आमच्या सेल्समनचं बोलणं आधीपासून चालू होतं, ते बहुधा तसेही आले असते. कार्यक्रमामुळे मिळालेले डीलर चार. हंगामात ते परत माल घेतील तेव्हा रक्कम वाढेल, पण १२ लाखांपर्यंत ती पोचणार नाही, हे कोटेशन हातात आलं त्याच दिवशी कळू शकलं असतं. खर्चाला पंपामागच्या नफ्याने भागायचं आणि येणारा आकडा एका संध्याकाळीला झेपेल का हे स्वतःला विचारायचं, एवढंच काम होतं. आम्ही परताव्याचं माप ठरवणं त्यांच्याच हाती दिलं, ज्यांना त्या मापावर शुल्क मिळणार होतं.

वकिलांनी करार वाचून मान हलवली. त्यात ‘विविध माध्यमांत प्रसिद्धी’ आणि ‘अंदाजे ३०० पाहुणे’ असे शब्द आहेत. वृत्तपत्राचं नाव, आवृत्ती, जागा, प्लेटांची मोजणी कुणी करायची, काहीच नाही. त्यामुळे मीडियाच्या पैशांसाठी भांडणं कठीण, असं त्यांचं मत. रद्द नोंदणीवर घेतलेला कर, एफपीवरच्या २१२ प्लेटा आणि निमंत्रणाच्या पावत्या या तीन गोष्टींवर नोटीस पाठवली आहे. जीएसटी कार्यालयात वेगळी तक्रार दिली आहे. यशशुल्क आणि शेवटचे दहा टक्के आम्ही दिलेले नाहीत.

नोटिशीला त्यांचं उत्तर आलं, त्यात पुन्हा तोच ४१ लाखांचा तक्ता जोडलेला आहे. राहिलेल्या २१२ बॉक्सच्या पावत्या मात्र अजून आलेल्या नाहीत. हिंगणघाटच्या काकांकडे दादा परवा स्वतः पंप घेऊन गेला होता. त्यांनी वीस नग ठेवून घेतले.