मधुमेही ज्येष्ठांच्या कानाच्या हाडाचा संसर्ग: इंजेक्शन की गोळी?

वडील सत्तरीचे, साखर वर्षानुवर्षे चढलेली, आणि कान असा ठणकतोय की रात्री झोप नाही. आधी कानात थेंब घातले, उपयोग झाला नाही. मग ईएनटी डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं तर कानाच्या नळीच्या तळाशी, कूर्चा संपून हाड सुरू होतं तिथे, लालसर मांसल वाढ दिसली. डॉक्टर म्हणाले, ‘मॅलिग्नंट ओटायटिस एक्स्टर्ना.’ हा कर्करोग नव्हे. बहुतेक वेळा स्यूडोमोनास नावाचा जंतू कानाच्या नळीतून कवटीच्या तळाच्या हाडात शिरलेला असतो. मात्र त्या वाढीचा तुकडा तपासायला पाठवायलाच हवा, कारण कानाचा कर्करोग आणि बुरशीचा संसर्गही असाच दिसू शकतो.

आता घरच्यांपुढे प्रश्न येतो तो असा: दवाखान्यात ठेवून शिरेतून औषध द्यायचं, की घरी गोळ्या? दोन्हींचा पल्ला साधारण सहा ते आठ आठवड्यांचा, कधी त्याहूनही जास्त. हाडात रक्तपुरवठा कमी, म्हणून औषध तिथे हळूहळू काम करतं. पंधरा दिवसांत ठणका थांबला म्हणजे आजार बरा झाला असं नाही. अर्धवट थांबवलेला कोर्स हेच तो परतण्याचं मोठं कारण.

शिरेतून साधारण सेफ्टाझिडिम दिलं जातं, 2 ग्रॅम दर 8 तासांनी. मूत्रपिंड अशक्त असेल तर मात्रा कमी करावी लागते, नाहीतर वयस्कर माणूस गोंधळल्यासारखा वागू लागतो, आणि घरचे वयाला दोष देतात. दवाखान्यात साखर इन्सुलिनने आटोक्यात ठेवता येते, हा या मार्गाचा खरा फायदा. तोटा म्हणजे दिवसातून तीनदा सलाइन लावणं, सुजलेल्या शिरा, आणि बिल. काही आठवड्यांसाठी लांब नळी, म्हणजे पिक लाइन, घातली तर सारखं टोचावं लागत नाही, पण तिच्यातून संसर्ग होऊ नये म्हणून काळजी घ्यावी लागते.

गोळी म्हणजे सिप्रोफ्लॉक्सासिन, 750 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. ती हाडात चांगली पोहोचते आणि घरी बसून घेता येते. पण ती चालेल का हे कल्चरच सांगतं, म्हणजे कानातला नमुना घेऊन जंतू कोणत्या औषधाला दाद देतो ते पाहणारी तपासणी. आधीच सिप्रोचे थेंब किंवा गोळ्या झाल्या असतील तर जंतू दाद देत नाही असं वाढत्या प्रमाणात दिसतं. म्हणून शक्य तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधीच नमुना घ्यावा.

गोळीची पथ्यं इंदूरच्या घरात नेमकी मोडतात. रात्री दुधाबरोबर गोळी घेतली तर ती पोटात नीट शोषलीच जात नाही. कॅल्शियम, लोह किंवा अॅसिडिटीचं औषध चालू असेल तर सिप्रो त्याच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनंतर घ्यावी. ग्लिमेपिराइडसारखी साखरेची गोळी सोबत असेल तर साखर अचानक उतरू शकते. सिप्रोमुळे टाच किंवा पोटरीमागचा स्नायूबंध दुखला, तर चालणं थांबवून लगेच डॉक्टरांना कळवावं.

रामबागेतल्या 72 वर्षांच्या एखाद्या काकांचं उदाहरण घेऊ. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीए1सी 9.8, रक्तातली सूज दाखवणारा ईएसआर 88, मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन ठीक, चेहरा वाकडा झालेला नाही. मी आधी दाखल करून शिरेतून औषध सुरू करीन, साखर आटोक्यात आणीन. कल्चरमध्ये जंतू सिप्रोला संवेदनशील निघाला, दहा-बारा दिवसांत ठणका आणि ईएसआरसारखाच सूज मोजणारा सीआरपी उतरला, तर उरलेले आठवडे गोळीवर घरी. सून किंवा मुलगा गोळ्या मोजून देणारा असेल तरच. काका एकटे राहत असतील, वा जंतू दाद देत नसेल, तर शिरेतूनच पूर्ण. औषध केव्हा थांबवायचं ते दुखणं, ईएसआर आणि सीआरपी यांवरून ठरवतात. एमआरआयमधले बदल बरं झाल्यावरही रेंगाळतात.

या सगळ्या तुलनेवर एक गोष्ट मात करते, ती म्हणजे चेहरा. चेहऱ्याची नस कवटीतून कानाच्या खालीच बाहेर पडते, म्हणून नसांपैकी बहुधा तीच पहिली अडकते. घरच्यांनी रोज सकाळी पाहावं: आरशासमोर डोळे घट्ट मिटतात का, कपाळावर आठ्या दोन्हीकडे पडतात का, चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळतं का. पक्षाघातात कपाळ सहसा शाबूत राहतं, इथे मात्र अख्खी एक बाजू ढिली पडते. घसा बसला, गिळताना ठसका लागू लागला किंवा जीभ एका बाजूला वळली, तर संसर्ग पुढच्या नसांपर्यंत गेला असं समजावं.

अशा वेळी घरच्या गोळीचा विचार सोडून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. कानाच्या ठणक्यासोबत चेहरा वाकडा झाला असताना त्याला ‘बेल्स पाल्सी’, म्हणजे चेहऱ्याचा साधा लकवा, समजून स्टिरॉइड सुरू केलं, तर साखर उसळते आणि संसर्गाला रान मोकळं मिळतं. म्हणून कान दाखवल्याशिवाय स्टिरॉइडची गोळी घेऊ नये. तोवर न मिटणाऱ्या डोळ्यात ओलावा देणारे थेंब घालत राहावेत, आणि झोपताना पापणी हलक्या पट्टीने बंद करावी, नाहीतर बुबुळावर जखम होते. संसर्ग आटोक्यात आला तरी चेहरा पूर्ण सरळ होईलच याची हमी नाही.