तासांवर फी की वर्षाचे सारखे हप्ते?

घरच्या घरी नववी-दहावीच्या गणिताचे क्लास घेणारे बहुतेक जण तासांप्रमाणे फी घेतात, नाहीतर वर्षाची फी ठरवून तिचे हप्ते पाडतात. मी दोन्ही करून पाहिलं आहे.

तासाला शंभर रुपये म्हटलं की पालकांना लगेच पटतं. जेवढे तास, तेवढे पैसे. पण सोम-बुध-शुक्र बॅच असेल तर फेब्रुवारीत बारा तास होतात आणि एकतीस दिवसांच्या एखाद्या महिन्यात चौदा. मग ‘या महिन्यात दोनशे जास्त कसे?’ असा मेसेज येतो. तेही एक वेळ चालेल. मला नको झाली ती महिनाअखेरची हजेरीची घासाघीस. माझ्या वहीत दोन खाडे, मुलाच्या आईच्या हिशेबात चार, कारण गणपतीला गावी गेले तेव्हा क्लासलाही सुट्टी होती आणि ते तास मी मुळात धरलेलेच नव्हते. पैसे दोनशेच, पण प्रत्येक घराशी हे बोलत बसायचं म्हणजे शिकवण्यापेक्षा दमणूक.

हप्त्यांमध्ये हा वाद फारसा उरत नाही. वर्षाचे बारा हजार, जून ते मार्च दहा सारखे हप्ते. गणपती-दिवाळीच्या सुट्ट्या धरूनच रक्कम ठरवली आहे, हे मात्र पहिल्याच ओळीत लिहावं. नाहीतर दिवाळीच्या महिन्यात ‘अर्धीच फी ना?’ हे ठरलेलं.

बुडलेल्या तासाचा नियम मी असा लिहितो: ‘मूल आलं नाही तर फी कमी होणार नाही. आदल्या संध्याकाळपर्यंत कळवलंत तर त्याच आठवड्यात दुसऱ्या बॅचला बसता येईल. सरांनी तास रद्द केला तर तो रविवारी भरून दिला जाईल.’ कोणामुळे तास बुडला, हे वेगळं केलं की बरेच प्रश्न आधीच मिटतात. ‘फी परत मिळणार नाही’ एवढंच लिहिलं तर सर आजारी पडले तरी पैसे गेले, असा अर्थ पालक काढतात. आणि त्यात त्यांचं चुकत नाही.

दुसऱ्या बॅचला बसू द्यायचं तर दोन्ही बॅचचा धडा एकाच आठवड्यात तोच हवा, आणि दहा मुलांच्या बॅचमध्ये आठच प्रवेश घेऊन दोन जागा मोकळ्या ठेवाव्या लागतात. या जागा पाहुण्यांच्या; ‘आम्हाला सकाळचीच बॅच कायमची द्या’ म्हणणाऱ्यांसाठी नाहीत. कायमची बदली फक्त सहामाहीनंतर, हे वेगळं लिहावं.

एकच बॅच असेल तर हे जमणार नाही. तिथे, किंवा एकट्या मुलाला घरी जाऊन शिकवत असाल तर, तासांवरची फीच बहुधा बरी. मध्येच क्लास सोडणाऱ्यालाही हप्ते टोचतात, म्हणून मी एक महिना आधी कळवायला सांगतो आणि पुढचे हप्ते मागत नाही.