मंजूर टाइमशीटवरून मासिक बिले: ईआरपीनेक्स्टचा नऊ महिन्यांचा अनुभव

आमचे पुण्यात यंत्रभागांचे डिझाइन आणि ड्रॉइंग करून देणारे नऊ जणांचे कार्यालय आहे. काम ताशी दराने चालते आणि प्रत्येक ग्राहकाला महिन्याला एक बिल जाते. मार्च २०२५ पर्यंत प्रत्येक जण आपले तास एक्सेलमध्ये भरत असे आणि मी महिनाअखेरीला ते एकत्र करून बिल बनवत असे. एप्रिलपासून आम्ही हे सगळे ईआरपीनेक्स्ट या व्यवसायाचे हिशेब आणि कामकाज सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर आणले. गेले नऊ महिने बिलिंग मीच पाहतो आहे. येथे फक्त टाइमशीट ते बिल एवढ्याच प्रवासाबद्दल लिहितो.

सर्वांत जास्त उपयोग झाला तो मंजुरीचा. मसुद्याच्या अवस्थेतील टाइमशीट बिलात ओढताच येत नाही. ते सबमिट झालेले असावे लागते, आणि सबमिट करण्याचा अधिकार आम्ही वर्कफ्लो लावून केवळ प्रकल्पप्रमुखांकडे ठेवला आहे. सबमिट झालेल्या ओळीत नंतर कोणी गुपचूप बदल करू शकत नाही, आणि बिल सबमिट झाले की त्या ओळीवर बिलाचा क्रमांक नोंदला जातो, त्यामुळे तेच तास दुसऱ्या बिलात येण्याची भीती उरत नाही. प्रत्येक ओळीत प्रत्यक्ष तास आणि `Billing Hours` असे दोन वेगळे रकाने आहेत, हे मला विशेष मोलाचे वाटते. नवख्या ड्राफ्ट्समनला एका ड्रॉइंगला नऊ तास लागले आणि ग्राहकाकडून सहाच तासांचे पैसे घेणे रास्त असेल, तर प्रमुख बिलाचे तास सहा करतात; प्रत्यक्षातले नऊ तास तसेच राहतात. पूर्वी एक्सेलमध्ये नवावर थेट सहा लिहिले जात आणि काम खरोखर किती वेळात झाले याचा पुरावाच नाहीसा होई.

तास दशांशात भरावे लागतात, आणि पहिल्या दोन महिन्यांत येथेच चुका झाल्या. सहा तास वीस मिनिटांसाठी मुले ६.२० असे लिहीत, ज्याचा अर्थ सहा तास बारा मिनिटे असा होतो. ग्राहकाशी झालेल्या करारात पाव तासाचा हिशेब आहे, म्हणून आता आम्ही सव्वा, साडे आणि पावणे याच भाषेत बोलतो: सव्वासहा म्हणजे ६.२५, साडेसहा म्हणजे ६.५०, पावणेसात म्हणजे ६.७५. दशांशानंतर याखेरीज दुसरे आकडे दिसले तर प्रमुख टाइमशीट परत पाठवतात.

खरी अडचण आली ती महिन्याच्या सीमेवर. ३० जून २०२५ हा सोमवार होता. आमची टाइमशीट सोमवार ते रविवार अशी भरली जात असत, त्यामुळे जूनचा हा एकच दिवस ६ जुलैला संपणाऱ्या आठवड्याच्या टाइमशीटमध्ये गेला. चाकणजवळच्या एका ग्राहकाचे जूनचे बिल मी ३ जुलैला बनवले. बिलातील `Fetch Timesheet` वापरून १ ते ३० जून ही तारीख दिली, ओळी आल्या, बेरीज झाली आणि बिल रवाना झाले. ३० जूनचे तास मसुद्यात असल्यामुळे ते आले नाहीत आणि ते आले नाहीत हे सांगणारे पडद्यावर काहीच नव्हते, कारण जे मंजूर नाही ते वगळणे हेच तर आम्ही मागितले होते. ९ जुलैला आठवड्याची मंजुरी देताना पहिल्या ओळीवरची तारीख प्रकल्पप्रमुखांच्या लक्षात आली.

ड्राफ्ट्समनचे साडेसात तास ६५० रुपयांनी ४,८७५ रुपये, वरिष्ठ डिझायनरचे दोन तास १,२०० रुपयांनी २,४०० रुपये, एकूण ७,२७५ रुपये. त्यावर अठरा टक्के जीएसटी १,३०९.५० रुपये धरून ८,५८४.५० रुपयांचे वेगळे बिल पाठवले. त्या ग्राहकाच्या खरेदी आदेशावर महिन्याला एकच बिल स्वीकारले जाते, त्यामुळे ते तीन आठवडे पडून राहिले आणि शेवटी जुलैच्या बिलात ३० जून ही तारीख लिहून स्वतंत्र ओळ म्हणून घ्यावे लागले. रक्कम मोठी नव्हती, परंतु केलेल्या कामाचे पैसे मागण्यासाठी तीन आठवडे फोन करावे लागणे मनाला लागले.

उपाय साधा निघाला. टाइमशीट आठवड्याचेच असावे असे ईआरपीनेक्स्टमध्ये बंधन नाही. आता महिन्याच्या शेवटच्या दिवशी चालू टाइमशीट तेथेच बंद होते, मग ते एका दिवसाचे का असेना, आणि पहिल्या तारखेपासून नवे सुरू होते. बिल बनवण्याआधी मी टाइमशीटच्या यादीत मसुद्याची अवस्था निवडून, सुरुवातीची तारीख गेल्या महिन्यातली असलेले काही उरले आहे का, हे पाहतो. यादी रिकामी झाल्याशिवाय एकही बिल बनवत नाही.

दुसरी गोष्ट दराची. टाइमशीट उघडून तेथूनच बिल तयार करण्याचे बटण आहे. सुरुवातीला मी तेच वापरत असे. त्याने बिलात एकच ओळ येते आणि तिचा दर एकूण रक्कम भागिले एकूण तास असा निघतो. आमच्या वरिष्ठ डिझायनरने एका आठवड्यात अकरा तास डिझाइन केले, दर १,२०० रुपये, आणि सहा तास ग्राहकाच्या कारखान्यात मोजमाप घेतले, दर ९०० रुपये. एकूण १८,६०० रुपये आणि सतरा तास, म्हणून बिलावर १,०९४.१२ रुपये हा दर छापून आला. छापलेला दर सतराने गुणला तर चार पैसे जास्त भरतात, पण तो प्रश्न गौण आहे. खरेदी आदेशात १,०९४.१२ हा दर कोठेच नाही, त्यामुळे ग्राहकाच्या लेखा विभागाने बिल परत पाठवले, आणि त्यांचे म्हणणे बरोबरच होते. आता मी बिलात प्रत्येक दराची स्वतंत्र ओळ हाताने भरतो आणि तिची बेरीज खालच्या टाइमशीटच्या तक्त्याशी जुळवतो. सहा ग्राहकांना मिळून साधारण तासभर लागतो.

दर ठरतात `Activity Cost` मध्ये, कर्मचारी आणि कामाचा प्रकार यांच्या जोडीवर. त्यात ग्राहकाचा रकाना नाही आणि दर कोणत्या तारखेपासून लागू, हेही लिहिता येत नाही. दोन ग्राहकांना वेगळे दर असल्यामुळे आम्हाला त्यांच्यासाठी कामाचे प्रकारच वेगळे करावे लागले, आणि त्यामुळे यादी लांबली आहे. दरवाढीच्या वेळी अधिक सांभाळावे लागते: आधी भरलेल्या ओळीत जुना दर टिकतो, पण वाढ नोंदवल्यानंतर कोणी मागच्या महिन्याचे राहिलेले तास भरले, तर त्यांना नवा दर लागतो. म्हणून १ ऑक्टोबरची दरवाढ मी १ तारखेला नोंदवली नाही. सप्टेंबरचे शेवटचे टाइमशीट मंजूर होईपर्यंत, म्हणजे ४ तारखेपर्यंत थांबलो, आणि दरम्यान भरलेल्या ऑक्टोबरच्या ओळींचे दर मंजुरीपूर्वी हाताने बदलून घेतले.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी पहिले बिल काढण्यापूर्वी क्रमांकमालिकाही बदलून घ्यावी. `ACC-SINV-2025-00001` या मूळ मालिकेत एकोणीस अक्षरे होतात आणि जीएसटीच्या नियमानुसार बिलाचा क्रमांक सोळा अक्षरांच्या आत असावा लागतो. आम्ही आर्थिक वर्षाचे चार अंक आणि पुढे चार अंकी क्रमांक अशी छोटी मालिका ठेवली आहे.

पूर्वी बिले दहा तारखेच्या पुढे जात. आता चौथ्या किंवा पाचव्या दिवशी निघतात. कोणी एखाद्या ओळीबद्दल विचारले, तर ते काम कोणी केले, कोणत्या तारखेला केले आणि कोणी मंजूर केले, हे मी फोनवर बोलता बोलता सांगू शकतो.