नऊ महिने ‘डीप फ्रीझ’ लावलेल्या लॅबमध्ये: इन्स्टॉल केलेलं पायथन सोमवारी कुठे जातं?

आमच्या शाळेच्या लॅबमध्ये 18 मशीन आहेत. गेल्या जूनमध्ये ज्या माणसाने ती बसवली त्याने सगळ्यांवर डीप फ्रीझ, म्हणजे रीस्टार्ट झालं की मशीन पुन्हा पहिल्यासारखं करणारं सॉफ्टवेअर, टाकून दिलं, पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून मुख्याध्यापकांकडे दिला आणि तो गेला. मला कुणी काही सांगितलं नाही. मी शुक्रवारी चार तास बसून सगळ्या मशीनवर पायथन टाकलं. सोमवारी नववीचा वर्ग घेऊन लॅबमध्ये गेले, तर 17 मशीनवर पायथनचा पत्ता नाही.

अठराव्यावर मात्र ते होतं, आणि त्यामुळेच मी दोन दिवस चुकीच्या दिशेने शोधत राहिले. मला वाटलं, बाकीच्या मशीनवर इन्स्टॉलेशनच नीट झालं नसावं. खरी गोष्ट अशी की शुक्रवारी जाताना ते एक मशीन कुणीतरी शटडाउन न करता नुसतं स्लीपवर टाकलं होतं. स्लीपमधून उठलं की मशीन जिथे होतं तिथूनच पुढे चालू होतं, रीस्टार्ट होत नाही, म्हणून पायथन टिकलं. मंगळवारी दुपारी लाइट गेली आणि तेही गेलं.

डीप फ्रीझच्या आत काय चालतं ते एकदा कळलं की राग येत नाही. हे सॉफ्टवेअर रीस्टार्टच्या वेळी काही पुसत बसत नाही. ज्या क्षणी सी ड्राइव्ह ‘फ्रोझन’ होतो, तेव्हाची प्रत ते जशीच्या तशी ठेवतं आणि त्यानंतर विंडोज जे काही लिहील ते डिस्कच्या मोकळ्या जागेत बाजूला लिहू देतं. मशीन चालू असेपर्यंत विंडोजला आणि आपल्यालाही वाटतं की सगळं खरोखर सेव्ह झालंय. रीस्टार्ट झालं की त्या बाजूच्या लिखाणाची नोंद टाकून दिली जाते. म्हणून 50 एमबी टाका की 5 जीबी, परत यायला वेळ सारखाच लागतो. तुमच्या लॅबमध्ये असंच काही आहे का हे बघायचं असेल, तर डेस्कटॉपवर एक रिकामी फाइल करून मशीन रीस्टार्ट करा. आमच्याकडे घड्याळाजवळ अस्वलाचं चिन्ह दिसतं. त्यावर लाल फुली लुकलुकत असेल तर मशीन ‘थॉड’ आहे, म्हणजे आत्ता केलेले बदल राहतील. फुली नसेल तर काही राहणार नाही.

मग मी हुशारी केली. डी ड्राइव्ह फ्रीझ केलेला नव्हता, म्हणून पायथन `D:\Python312` मध्ये इन्स्टॉल केलं. रीस्टार्ट केल्यावर फोल्डर जागेवर, पण स्टार्ट मेनूत नाव नाही आणि `python` टाइप केलं की ओळखत नाही. कारण इन्स्टॉलर फाइली डीवर ठेवतो, पण स्वतःची नोंद रजिस्ट्रीत करतो, पाथ तिथेच लिहितो आणि स्टार्ट मेनूतले शॉर्टकटही सीवर टाकतो. ते सगळं उडालं. बऱ्याच मोठ्या सॉफ्टवेअरचं इथेच संपतं, डीवरचं फोल्डर नुसतं शोभेला उरतं. पायथन मात्र स्वतःच्या फोल्डरमधून थेट चालतं. त्यामुळे मी डीवरच एक छोटी बॅच फाइल करून ठेवली:

```
@echo off
cd /d D:\Kaam
D:\Python312\python.exe -m idlelib
```

मुलं ती फाइल डबल क्लिक करतात, आयडल उघडतं आणि त्यांचे प्रोग्राम `D:\Kaam` मध्ये सेव्ह होतात. शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवायचा मोह होतो, पण डेस्कटॉप सीवर असतो. त्यामुळे ‘डी उघडा’ हे वाक्य मी वर्षभर म्हटलंय. आयडलमध्ये अक्षरं मोठी करून ठेवली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बारीक, कारण ती सेटिंग युजरच्या फोल्डरमध्ये जाते. पिपने एखादी लायब्ररी टाकताना आणखी एक गंमत झाली. मुलांच्या अकाउंटला `D:\Python312` मध्ये लिहायची परवानगी नव्हती, तेव्हा पिपने न विचारता ती सीवरच्या युजर फोल्डरमध्ये टाकली आणि ‘Successfully installed’ असंही म्हटलं. दुसऱ्या दिवशी गायब! मी अ‍ॅडमिन अकाउंटने टाकली, तेव्हा राहिली.

हा जुगाड पायथनपुरता आणि इन्स्टॉल न करता चालणाऱ्या पोर्टेबल प्रोग्रामपुरता छान आहे. बाकी सगळ्यासाठी सरळ रस्ता एकच, आधी मशीन थॉ करायचं आणि मग सॉफ्टवेअर टाकायचं. मी मुख्याध्यापकांकडून ती चिठ्ठी मिळवली. शिफ्ट दाबून अस्वलावर डबल क्लिक केलं की पासवर्ड मागतं, आणि आत बूट कसं करायचं ते निवडता येतं. तिथे ‘पुढच्या इतक्या रीस्टार्टपुरतं थॉड’ असाही पर्याय आहे. पहिल्यांदा मी तिथे 1 लिहिलं. विंडोजचा अपडेट थांबून होता, तो लागला, त्याने मशीन दुसऱ्यांदा रीस्टार्ट केलं आणि अपडेट अर्धवट असतानाच मशीन गोठलं. त्यानंतर ते मशीन रोज सकाळी ‘Working on updates’ दाखवत बसायचं, कारण रोज त्याच अर्धवट जागेवर परत जायचं. पुन्हा थॉ करून अपडेट पूर्ण होऊ दिला, तेव्हा सुटलं.

आता मी आकडा लिहितच नाही, सरळ ‘Boot Thawed’ निवडते. आधी विंडोजचे अपडेट संपवते, रीस्टार्ट करून आणखी काही राहिलं नाही ना ते बघते, मग सॉफ्टवेअर टाकते. पुन्हा एकदा थॉड अवस्थेतच रीस्टार्ट करून ते उघडून बघते, आणि सगळ्यात शेवटी फ्रीझ. शनिवारी शाळा लवकर सुटते, त्या दिवशी सहा मशीन होतात. तीन शनिवारात लॅब पूर्ण झाली. ज्या मशीनचं झालं त्याच्या मॉनिटरवर खडूने खूण करते, नाहीतर एखादं थॉड राहून जातं आणि आठवड्यात मुलं त्यावर काय काय टाकतात ते सांगायला नको.

एक चूक मला महागात पडली. थॉड मशीनला मी माझा पेनड्राइव्ह लावला आणि त्यात फोल्डरचे शॉर्टकट करणारा व्हायरस होता. मशीन तसंच फ्रीझ झालं. अँटिव्हायरस तो रोज काढायचा आणि रीस्टार्टनंतर तो रोज ताजातवाना परत यायचा. फ्रीझ करणं म्हणजे चांगलं-वाईट सगळंच कायम करणं, हे तेव्हा समजलं. आता इन्स्टॉलर फाइली आधी डीवर आणून तपासते, आणि थॉड असताना कुठलाही पेनड्राइव्ह लावू देत नाही.

पासवर्ड हरवला तर? शेजारच्या गावातल्या एका सरांवर ती वेळ आली. त्यांना विंडोजच नव्याने टाकावं लागलं. नेटवर ते तोडून देणारी टूल मिळतात, पण शाळेच्या मशीनवर अनोळखी टूल चालवायला मी तरी तयार नाही. चिठ्ठीची एक प्रत आता लॅबच्या कपाटात आहे.

एवढं करून ठेवावं का? हो, आमच्यासारख्या लॅबमध्ये ठेवावं. मुलं वॉलपेपर बदलतात, फाइली उडवतात, ब्राउझरमध्ये नको ते टूलबार आणतात, आणि रीस्टार्ट केलं की मशीन पहिल्यासारखं. आधी दर महिन्याला दोन मशीन फॉरमॅट करावी लागायची, या नऊ महिन्यांत एकही नाही. त्रास आता डी ड्राइव्हचा आहे. त्याला काहीच संरक्षण नाही, आणि परवा नववी ‘ब’च्या कुणीतरी ‘अ’चं अख्खं फोल्डर उडवलं. दर शनिवारी मी `D:\Kaam` बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करते, म्हणून त्या आठवड्यातलं काम सोडून बाकी सगळं परत मिळालं.