दोन डिस्क: मिरर, की एक आत आणि एक बाहेर?

घरच्या नेटवर्कवर फाइली ठेवणारा दोन खणांचा नॅस बॉक्स आणि 4 टीबीच्या दोन डिस्क घरी आल्या की सेटिंग करतानाच ठरवावं लागतं: दोन्ही मिरर करायच्या, म्हणजे एकीवरचं सगळं दुसरीवरही तसंच लिहायचं, की एक बॉक्समध्ये ठेवून दुसरी यूएसबी केसमध्ये घालून बाहेर ठेवायची? वापरायला जागा दोन्हीकडे 4 टीबीच मिळते आणि खर्चात फरक पडतो तो केसपुरता.

मिररचा फायदा खरा आहे. एक डिस्क मेली तरी बॉक्स चालू राहतो. दिवसभर बिलं बनवणाऱ्या म्हापशातल्या दुकानाला तो हवाच. पण फाइल पुसणं हेही डिस्कच्या लेखी एक लिहिणंच असतं, आणि ते दोन्ही डिस्कवर एकाच क्षणी उमटतं. कालची स्थिती मिररकडे कुठेच राहत नाही.

घरात नेमकं कालचंच काहीतरी परत हवं असतं. समजा, 2024 च्या चवथीचे माटोळीचे आणि आरतीचे फोटो-व्हिडिओ मिळून 38 जीबीचं फोल्डर आहे. 12 जून 2025 ला जागा मोकळी करताना कुणीतरी ते लॅपटॉपवरून पुसलं. नेटवर्कवरून पुसलेली फाइल लॅपटॉपच्या रीसायकल बिनमध्ये जात नाही. नॅसचा स्वतःचा बिन असतो, पण तो चालू करून ठेवावा लागतो आणि ठरावीक दिवसांनी रिकामा होण्याची वेळ त्याला लावलेली असू शकते. शिवाय त्याच नावाच्या फाइलवर दुसरं काही सेव्ह झालं, तर जुनी प्रत त्यात सापडेलच असं नाही. फोल्डर नाही हे कळतं ते चवथ जवळ आल्यावर, 20 ऑगस्टला. म्हणजे 69 दिवसांनी.

माझा कल दुसऱ्या मार्गाकडे झुकतो तो या उशिरामुळे. डिस्क मेली तर त्याच दिवशी कळतं, पुसलेलं मात्र महिनोन् महिने कळत नाही.

म्हणून आतल्या डिस्कवर Btrfs किंवा ZFS ही फाइल-सिस्टम ठेवावी आणि स्नॅपशॉट लावावेत, म्हणजे त्या त्या क्षणी फाइली जशा होत्या तशी स्थिती जपून राहते. रोजचे 14 आणि दर एक तारखेचे 12, एवढे घराला पुरतात. मासिक न ठेवता नुसते रोजचे 30 ठेवले असते तर वरच्या उदाहरणात काहीच हाती लागलं नसतं, पण 1 जूनचा मासिक स्नॅपशॉट ऑगस्टमध्ये शाबूत असतो. तो उघडायचा आणि त्यातलं फोल्डर बाहेर कॉपी करायचं. पूर्ण शेअर मागे नेणारा पर्याय निवडू नये, नाहीतर जूननंतरचं सगळं जाईल.

इथे एक गोष्ट गोंधळात टाकते. 38 जीबी पुसले तरी मोकळी जागा वाढत नाही, कारण स्नॅपशॉटने ते धरून ठेवलेले असतात. जागा वाढत नाही म्हणून वैतागून स्नॅपशॉटच पुसून टाकले, की परतीचा रस्ता बंद.

स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतात, तेव्हा डिस्क गेली की तेही गेले. आपल्याकडे मे महिन्यात आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये गडगडाट होतो. तेव्हा विजेचा झटका बॉक्समध्ये शिरला, तर एकाच अडॅप्टरवरच्या दोन्ही मिरर डिस्क एकदम जाऊ शकतात. बाहेरची डिस्क रविवारी जोडून, बॅकअप घेऊन काढून ठेवलेली असली तर ती वाचते. ती सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी, आणि जमलं तर फोंड्याच्या घरातली मडगावच्या नातेवाइकांकडे.

त्या डिस्कवर नुसतं सिंक, म्हणजे बॉक्सवर आहे तसंच तिथे करणं, लावू नये. `--delete` असलेल्या सिंकने 15 जूनच्या रविवारीच तिथलंही फोल्डर पुसलं असतं. दर आठवड्याला स्नॅपशॉटचं `.snap` फोल्डर वगळून तारखेचं नवं फोल्डर करावं आणि आधीच्या रविवारचं `--link-dest` मध्ये द्यावं:

```
rsync -a --exclude=/.snap \
  --link-dest=/mnt/usb/2025-08-10 \
  /data/ /mnt/usb/2025-08-17/
```

यात न बदललेल्या फाइली पुन्हा जागा खात नाहीत, कारण त्या आधीच्या फोल्डरशी हार्डलिंकने, म्हणजे त्याच एका प्रतीला आणखी एक नाव देऊन, जोडल्या जातात. मात्र डिस्कवर ext4 फाइल-सिस्टम हवी. exFAT ला हार्डलिंक येत नाहीत, तिथे दर रविवारी पूर्ण प्रत बनते आणि डिस्क काही आठवड्यांत भरते. `df -h` दर वेळी डेटाएवढाच वाढला तर कारण हेच समजा.

या मार्गाची किंमतही आहे. आतली डिस्क मेली तर नवी येईपर्यंत बॉक्स बंद राहतो. मग 2 टीबी परत आणायला सेकंदाला 100 एमबीच्या वेगाने साडेपाच तास लागतात आणि शेवटच्या रविवारनंतरचं जे फक्त बॉक्सवर होतं ते जातं. फोटो आठवडाभर फोनमध्येही राहू दिले तर घराला हे सहज परवडतं, असं मला वाटतं. तीन डिस्क घेणं शक्य असेल तर मिरर जरूर करा, पण बाहेरच्या डिस्कचे पैसे आधी बाजूला काढून.

मांडणी झाली की एक निरुपयोगी फाइल ठेवा, एक तारखेचा स्नॅपशॉट आणि रविवारचा बॅकअप होऊन गेला की ती मुद्दाम पुसा आणि दोन महिन्यांनी मासिक स्नॅपशॉटमधून, तसंच बाहेरच्या डिस्कवरून परत आणून पाहा. त्याच वेळी शेवटच्या स्नॅपशॉटची तारीखही बघा. डिस्क भरली की नवे स्नॅपशॉट बनणं थांबू शकतं, आणि जुन्यांची यादी तशीच दिसत राहते.